आज कोणाला फोन करायचा? उत्तरातले शब्द वाचून लीडला गुण कसे द्यावेत

घरावर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये चौकशांचा फोन सांभाळायला मी बसले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. साताऱ्यापासून कराडपर्यंतच्या पट्ट्यातून रोज वीस-पंचवीस लीडची, म्हणजे चौकशी केलेल्या माणसांची, उत्तरं व्हॉट्सॲपवर यायची आणि नीट बोलता येतील असे फोन दिवसाला जेमतेम आठ व्हायचे. उरलेले उद्यावर जायचे, उद्याचे परवावर. कोणता माणूस आज थांबू शकत नाही आणि कोणाला आठवड्याने फोन केला तरी चालतो, हे ठरवायला माझ्याकडे एकच साधन होतं, ते म्हणजे त्याने लिहिलेल्या दोन ओळी. त्या ओळी कशा वाचायच्या ते या कामात नव्याने आलेल्यांसाठी इथे सांगते. उदाहरणं घरगुती सोलरची घेतली आहेत, कारण मला तेच काम माहीत आहे.

आधी आपला प्रश्न नीट करा

उत्तराचा अर्थ प्रश्नावर ठरतो. “तुम्हाला सोलरमध्ये इंटरेस्ट आहे का?” असं विचारलं तर शंभरातले बहुतेक लोक “हो” म्हणतात आणि त्या “हो”मधून काहीही कळत नाही. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये समोरच्याला थोडंसं काम द्यावं. आम्ही सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो: “नमस्कार, तुम्ही घरासाठी सोलरची चौकशी केली होती. मागच्या महिन्याच्या लाइट बिलाचा फोटो पाठवाल का? म्हणजे किती किलोवॉट लागेल ते सांगता येईल.”

बिल मागण्याला खरं कारण आहे. बिलावर ग्राहक क्रमांक, मंजूर भार, जोडणी कोणाच्या नावावर आहे ते आणि मागच्या महिन्यांचा वापर, असं सगळं एका कागदावर मिळतं. आपल्याकडे एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला एकशेवीसच्या आसपास. घरात महिन्याला साडेतीनशे युनिट जळत असतील तर तीन किलोवॉटची गोष्ट होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यामुळे तीनचा आकडा लोकांच्या तोंडी सारखा असतो.

मुद्दा असा की बिलाचा फोटो काढायला माणसाला उठावं लागतं. कागद शोधावा लागतो, नाहीतर घरात कोणाला तरी विचारावं लागतं. जो उठला तो आणि जो उठला नाही तो, यांच्यात आपल्याला फरक करता येतो.

प्रश्न सगळ्यांना एकच ठेवा. निरनिराळ्यांना निरनिराळं विचारलं की उत्तरांची तुलनाच होत नाही.

उत्तर जसंच्या तसं उतरवा

एक साधी शीट करा. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात माणसाचं नाव, तिसऱ्यात त्याचे शब्द. शब्द म्हणजे त्याचेच शब्द. “पत्रा आहे चालंल का” असं आलं असेल तर तसंच लिहा. “ग्राहकाने पत्र्याच्या छताबद्दल विचारणा केली” असं शुद्ध करून लिहिलंत की वाचण्यासारखं जे होतं तेच गेलं. व्हॉइस नोट आली तर पूर्ण ऐकून तिच्यातली महत्त्वाची दोन-तीन वाक्यं लिहून काढा. वयस्कर माणसं टाइप करत नाहीत, बोलतात. त्यांच्या नोटा ऐकायचा कंटाळा केला तर घरात ज्यांचा शब्द चालतो तेच लोक यादीतून निसटतात.

क्रियापद वाचा

मराठीत माणूस कुठे उभा आहे ते क्रियापद सांगतं. “सोलर लावायचं आहे”, “लावायचा विचार आहे” आणि “माहिती पाहिजे होती” ही तीन वाक्यं घ्या. पहिल्यात घरात ठरलं आहे. दुसऱ्यात अजून बोलणं चालू आहे. तिसऱ्यातलं “होती” सभ्यपणाचं आहे, पण त्यात नंतर मागे हटायची जागाही ठेवलेली आहे. नवखा माणूस तिन्ही वाक्यांपुढे “इंटरेस्टेड” असा शिक्का मारतो आणि तिथेच चुकतो.

“बघू” हा शब्द तर स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवा. नुसतं “बघू” म्हणजे बहुतेक वेळा नाही, फक्त तोंडावर म्हणायचं नाही एवढंच. “बघू, घरी बोलतो” याचा अर्थ निर्णय दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. “दिवाळीनंतर बघू” ही मात्र तारीख आहे, ती डायरीत गेली पाहिजे. आणि “या, बघू काय म्हणताय ते” असं कोणी लिहिलं तर तो बोलावतो आहे. शब्द तोच, पण त्याच्या मागेपुढे काय आहे त्यावर चारही ठिकाणी वेगळा निघतो.

“कळवतो” आणि “सांगतो” यांच्यातही फरक जाणवतो. “उद्या संध्याकाळी सांगतो” असं लिहिणारा बऱ्याचदा सांगतो. “विचार करून कळवतो” असं लिहिणाऱ्याची वाट बघण्यात मी बरेच दिवस घालवले आहेत. “येऊन बघून जा” आणि “या कधीतरी” यांचंही तसंच. “कधीतरी” आलं की त्या बोलावण्यातला जोर गेला.

पाच गोष्टी शोधा आणि गुण द्या

प्रत्येक उत्तरात मी पाच गोष्टी शोधते आणि त्यांना गुण देते.

पहिली गोष्ट वेळ. जवळची तारीख किंवा प्रसंग सांगितला असेल तर ३ गुण: “पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे”, “एसी बसवलाय, पुढचं बिल यायच्या आत”. “लवकर करायचंय” एवढंच असेल तर १. हातात दुसऱ्याचं कोटेशन असल्याचं कळलं तरी मी वेळेचे ३ गुण देते. तसं शब्दांत नसलं तरी घड्याळ सुरू झालेलं असतं, चार दिवसांत तो कोणाला तरी हो म्हणणार असतो.

दुसरी गोष्ट स्वतःच्या घराचा तपशील, तोही आपण न विचारता दिलेला. एका तपशिलाला १, जास्तीत जास्त ३. “दोन मजली आहे”, “वर पाण्याची टाकी आहे”, “तीन फेज आहे”, “शेजारच्या नारळाची सावली पडते” हे सगळे तपशील. आपण विचारलेल्याचं उत्तर यात धरायचं नाही.

तिसरी गोष्ट अडचण किंवा शंका, तिला २ गुण. ही शंका त्याच्या घराबद्दलची हवी. “स्लॅबला ड्रिल मारावं लागेल का, गळती होईल”, “माकडांचा त्रास आहे, पॅनेलची काच टिकंल का”, “लाइट गेल्यावर चालू राहतं का?” हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली सिस्टिम लाइट गेल्यावर बंद होते, कारण वायरमन लाइनवर काम करत असताना आपल्या छतावरची वीज तिकडे जाता कामा नये. हे उत्तर ऐकून काही जण नाराज होतात. पण ज्याने हा प्रश्न विचारला, त्याने मनातल्या मनात सोलर घरावर बसवून पाहिलेलं असतं.

चौथी गोष्ट पाऊल, त्याला ३ गुण. त्याने बिलाचा फोटो पाठवला, लोकेशन टाकलं, किंवा दिवस आणि वेळ सांगून आपल्याला बोलावलं. “सविस्तर माहिती पाठवा” हे पाऊल नाही. तिथे सगळं काम आपल्यावर ढकललेलं आहे.

पाचवी गोष्ट निर्णय कोणाचा, तिला १ गुण. “मी आणि भावाने ठरवलंय”, “बाबांना विचारलं, ते हो म्हणाले”, “मिस्टर रविवारी घरी असतात, तेव्हा या”. घरात ठरवणारा माणूस उत्तरात दिसला तर गुण द्यायचा.

सगळे मिळून बारा गुण होतात. सहा किंवा जास्त असतील तर फोन आजच, तीन ते पाच असतील तर उद्या. त्याखालचे आठवड्याच्या यादीत जातात आणि त्यांना एक छोटा मेसेज पुरतो. सहाचा आकडा मात्र माझा आहे, तुमचा वेगळा निघेल. तो ठरवायची रीत सोपी आहे: दिवसाला नीट किती फोन होतात ते बघा आणि “आज”च्या यादीत साधारण तेवढेच लोक येतील अशा ठिकाणी रेघ मारा. रोज पंधरा जण “आज”मध्ये येत असतील आणि फोन आठच होत असतील, तर रेघ सातवर न्या. नाहीतर “आज” या शब्दाला अर्थ उरत नाही.

शीटमध्ये वेळ, तपशील, शंका, पाऊल आणि निर्णय यांचे रकाने D पासून H पर्यंत असतील आणि बेरीज I मध्ये, तर ही दोन सूत्रं अनुक्रमे I2 आणि J2 मध्ये घाला:

```
=SUM(D2:H2)
=IF(I2>=6,"आज",IF(I2>=3,"उद्या","आठवडा"))
```

गुण मात्र हातानेच भरा. “बिल” हा शब्द दिसला की आपोआप गुण मिळतील असं सूत्र करायचा मोह होतो, मीही तसं करून पाहिलं होतं. त्यात “आमचं बिल दोनशे रुपयेच येतं, नको” या उत्तरालाही गुण मिळाले. सूत्राला “बिल” दिसलं, “नको” दिसलं नाही.

गुणांच्या आधी एक चाळणी

गुण द्यायला बसण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. गाव आपल्या कामाच्या टप्प्यात आहे का? छतावर त्याचा हक्क आहे का? भाडेकरू असेल किंवा अपार्टमेंटमधला वरचा मजला असेल, तर मालकाची किंवा सोसायटीची परवानगी आधी लागते. आणि त्याने स्पष्ट “नको” म्हटलं आहे का? तसं म्हटलं असेल तर त्याला पुन्हा मेसेज जाता कामा नये, मग गुण कितीही असोत.

जुन्या ग्राहकाची तक्रार त्याच नंबरवर आली तर ती गुणांच्या यादीत टाकू नका. “इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलाय” या मेसेजला वरच्या हिशेबाने दोन-तीनच गुण मिळतील, पण त्याला उत्तर तासाभरात गेलं पाहिजे.

एका सकाळची सात उत्तरं

मे महिन्याचा मध्य आहे असं धरा. उन्हाळ्याची बिलं नुकतीच हातात पडली आहेत आणि चौकशा वाढल्या आहेत. खालची उत्तरं अगदी रोज येतात तशी, समजावण्यासाठी रचलेली आहेत.

पहिलं: “खूप छान उपक्रम आहे. मला खरंच इंटरेस्ट आहे, नक्की करायचं आहे. सविस्तर माहिती पाठवा, वाचून कळवतो.” वाचून बरं वाटतं. पण वेळ नाही, घर नाही, शंका नाही, पाऊल नाही. “नक्की” शब्दाला आपण गुण देत नाही. बेरीज शून्य. माहितीचं पान पाठवा आणि बिलाची आठवण करून द्या, फोन नको.

दुसरं: “पत्रा आहे. चालंल का”. चार शब्दांचं उत्तर. घराचा तपशील १, शंका २, बेरीज ३. उद्याच्या यादीत. नवीन मुलं हे उत्तर नेहमी पहिल्याच्या खाली टाकतात, कारण ते तुटक आहे. पण या माणसाने मान वर करून आपलं छत पाहिलं आहे.

तिसरं: “३ किलोवॉटचा फायनल किती? सबसिडी न धरता सांगा. एकाने दिलाय रेट, पण त्याचं स्ट्रक्चर हलकं वाटतंय, आमच्या टेकाडावर वारा लई असतो.” दुसरं कोटेशन हातात आहे म्हणून वेळेचे ३. तीन किलोवॉट आणि टेकाडावरचं घर, तपशिलाचे २. पॅनेल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरची शंका २. बेरीज ७, आज फोन. “फायनल किती” एवढंच वाचून हा नुसता भाव विचारणारा आहे असं समजू नका. त्याला पटण्यासारखं कारण हवं आहे आणि ते कारण काय असेल हे त्याने स्वतःच लिहून दिलं आहे.

चौथं: बिलाचा फोटो आणि खाली “वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. सबसिडी भेटंल का?” पाऊल ३, तपशील १, शंका २. बेरीज ६, आज. अर्ज जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने होतो, म्हणून आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यावं लागतं. त्याला वेळ जातो. आज सांगितलं तर तो उद्या कागद गोळा करायला लागेल, आठवड्याने सांगितलं तर त्याचा एक आठवडा आपण घालवला.

पाचवं: “दिवाळीनंतर बघू. आत्ता वरच्या मजल्याचं काम चालू आहे.” तारीख आहे, पण लांबची, त्यामुळे वेळेला शून्य. तपशील १. बेरीज १. नियमाने हा आठवड्याच्या यादीत जातो आणि फोनची तारीख दिवाळीनंतरची पडते. तरीही मी याला त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज पाठवते: प्लास्टर व्हायच्या आत छतापासून मीटरपर्यंत वायरसाठी पाइप सोडून घ्या, नंतर भिंतीवरून वायर आणावी लागणार नाही. यात आज विक्री नाही, पण हा सल्ला आजच उपयोगाचा आहे.

सहावं: “५ जूनच्या आत होईल का? ७ ला वास्तुशांत. उद्या सकाळी ११ ला मी तिथेच आहे, या.” वेळ ३, नवं घर हा तपशील १, पाऊल ३. बेरीज ७, आज. इथे फोनवर पहिला प्रश्न जोडणीचा विचारा. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणी असेल तर घरगुती जोडणी आधी व्हावी लागते, आणि मग ५ जून आपल्या हातात राहत नाही. तारीख जमणार नसेल तर ते आजच सांगायचं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सांगितलं तर तो माणूस आणि त्याचे पाहुणे, सगळेच आपल्याला लक्षात ठेवतील.

सातवं: नुसता अंगठा. शून्य गुण. अंगठ्याचा अर्थ “वाचलं” एवढाच घ्यावा. त्याला एकच साधा प्रश्न परत पाठवा: “छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं?” उत्तर आलं तर त्यावर पुन्हा गुण द्या. या फेरीत “पत्र्याचं” एवढंच आलं तर गुण नाही, कारण ते आपण विचारलं होतं.

म्हणजे सातातले तिघे आजचे: तिसरा, चौथा आणि सहावा. यातल्या एकानेही “इंटरेस्ट” शब्द लिहिलेला नाही.

कुठे फसायला होतं

सगळ्यात जास्त फसवणूक शुद्ध भाषा करते. नीट वाक्यं, विरामचिन्हं, मध्ये दोन इंग्रजी शब्द असा मेसेज आला की हात आपोआप वरचे गुण देतो. खेड्यातला दुकानदार “किती पडंल” एवढंच लिहितो आणि पंधरा दिवसांत आगाऊ रक्कम देतो. यावर उपाय म्हणून मी गुण देण्याआधी मेसेज मनातल्या मनात सगळ्यात साध्या शब्दांत म्हणून बघते: तो काय सांगतो आहे, काय विचारतो आहे, काय करतो आहे. भाषेचा थाट काढल्यावर काही उरलं तर त्याला गुण.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे फार जाणकार प्रश्न. “पॅनेल डीसीआर का? बायफेशियल का? स्ट्रक्चरचं गॅल्व्हनायझिंग किती मायक्रॉन? वॉटला काय रेट देता?” अनुदानासाठी देशात बनलेली, म्हणजे डीसीआर पॅनेलच लागतात, आणि अभ्यास करून आलेला ग्राहक हे विचारतोच. पण या सगळ्या प्रश्नांत त्याचं घर कुठेही नसेल, गाव नसेल, बिल नसेल, तर तो विद्यार्थी असेल किंवा दुसरा व्यावसायिक भाव काढत असेल. असे प्रश्न घराबद्दल नाहीत, म्हणून त्यांना शंकेचे २ गुण द्यायचे नाहीत. त्याला नम्रपणे बिल मागा. खरा ग्राहक असेल तर तो तासाभरात पाठवतो आणि मग त्याची बेरीज झपकन वर जाते.

तिसरं, नाराजीचा सूर. “तुमच्यासारख्या दहा जणांचे फोन येऊन गेले, एकाने पण घर बघितलं नाही.” हे वाचून मेसेज बाजूला सारावासा वाटतो. पण हा माणूस दहा जणांशी बोलूनही अजून बोलतो आहे, आणि त्याला घर दाखवायचं आहे. इतरांशी बोलणी सुरू आहेत म्हणून मी त्याला वेळेचे ३ आणि शंकेचे २ देते. बेरीज पाच होते, म्हणजे उद्या. इथे मी रेघ ओलांडून आजच फोन करते. नियम मोडला की शीटमध्ये शेजारी कारण लिहायचं, म्हणजे महिन्याने कळतं की आपलं मोडणं बरोबर होतं की नुसती दया आली होती.

आणि थकवा. दुपारी चारनंतर मी दिलेले गुण सकाळपेक्षा कडक असतात, हे मला जुनी शीट बघून कळलं. त्यामुळे आता सगळी उत्तरं दिवसातून दोनदाच वाचते, सकाळी दहाला आणि दुपारी तीनला. संध्याकाळी सहानंतर आलेल्यांना पोच देते आणि सकाळच्या फेरीत घेते.

दोघांनी मिळून गुण द्या

नवीन माणूस आला की आम्ही जुनी तीस उत्तरं काढतो. तो वेगळा बसून गुण देतो, मी वेगळी बसून देते, मग दोन्ही शीटा शेजारी ठेवतो. बेरजेत एखाद्या गुणाचा फरक असेल तर सोडून देतो. पण एकाने “उद्या” म्हटलं आणि दुसऱ्याने “आठवडा”, तर तिथे थांबून बोलतो. अशा वेळी बहुतेकदा एखादा शब्दच वेगळा ऐकलेला असतो. आमच्याकडे एका मुलाने “घरचे नाय म्हणतात” याला शून्य दिले होते, मी निर्णयाचा १ आणि शंकेचे २ दिले होते. त्याचं म्हणणं होतं, नाही तर म्हणतोय. मी म्हटलं, तो स्वतः नाही म्हणत नाहीये, घरच्यांना काय उत्तर द्यावं ते आपल्याकडे मागतोय. त्या मुलाने फोन केला तेव्हा कळलं की आजीला छतावर पापड-कुरडया वाळवायला जागा उरणार नाही अशी काळजी होती. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. स्ट्रक्चर उंच घेतलं तर खालची जागा वापरात राहते, पण तिथे सावली पडते, म्हणून वाळवणासाठी दक्षिणेकडचा कोपरा मोकळा ठेवला.

फोन करताना त्याचाच शब्द आधी

“आज”च्या यादीतल्या माणसाला फोन लावला की कंपनीची ओळख लांबवू नका. त्याने लिहिलेल्या शंकेपासून सुरुवात करा: “तुम्ही टेकाडावरच्या वाऱ्याचं लिहिलं होतं, त्याबद्दल बोलायला फोन केलाय.” यासाठीच शीटमध्ये त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले होते. उत्तर माहीत नसेल तर आधी आपल्या फिटरला विचारा आणि मगच फोन करा, अर्धा तास उशीर झाला तरी हरकत नाही.

महिन्याने शीट उघडा

महिना संपला की एक रकाना वाढवा: काय झालं? साईट व्हिजिट झाली, आगाऊ रक्कम आली, की काहीच नाही. मग दोन प्रकारचे लोक शोधा. एक, ज्यांना सहाच्या वर गुण होते आणि तरी काही झालं नाही. दुसरे, ज्यांना तीनच्या खाली होते आणि तरी त्यांनी घेतलं. दुसरा गट लहान असतो, पण मी वेळ त्याच्यावरच घालवते. त्यांची उत्तरं पुन्हा वाचायची आणि आपण कोणता शब्द सोडला ते शोधायचं. “आमच्या शेजाऱ्यांकडे तुम्हीच लावलंय ना” हे वाक्य मला अशाच एका यादीत तीनदा सापडलं. त्यात वेळ नव्हती, शंका नव्हती, बिलही नव्हतं, म्हणून मी तिन्ही वेळा शून्य दिले होते. आता शेजाऱ्याचा उल्लेख आला की मी ३ गुण देते, आणि त्यासाठी शीटमध्ये सहावा रकाना काढला आहे.